बाल्कनीची सळई वरच का हवी?

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या बांधकामावर गेलात, तर सेंटरिंगवर पसरलेल्या सळ्यांची जाळी नीट पाहा. खोलीच्या मध्यभागी मुख्य सळ्या फळ्यांलगत असतात, जेमतेम दोन सेंटिमीटरच्या कव्हर ब्लॉकवर टेकलेल्या. तोच स्लॅब तुळईच्या पुढे जाऊन बाल्कनी होतो, तिथे मात्र मुख्य सळ्या वर उचललेल्या दिसतात. सळईच्याच तुकड्यांपासून वाकवलेल्या छोट्या घोड्यांवर, म्हणजे चेअरवर, त्या उभ्या केलेल्या असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. वजन वरून खाली येते, मग बळकटी खालून द्यायला नको का? पण बाल्कनीत खाली घातलेली सळई जवळजवळ निरुपयोगी असते. बाल्कन्या वाकण्याच्या आणि कोसळण्याच्या कितीतरी घटनांचे मूळ सळई किती घातली यापेक्षा ती कुठे बसली यात असते.

काँक्रीट दाब सोसण्यात पटाईत आणि ताण सोसण्यात दुबळे. घरबांधणीत वर्षानुवर्षे वापरात असलेले एम २० प्रतीचे काँक्रीट एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलोचा दाब झेलते. वाकवताना त्यावर ताण आला, तर तेच काँक्रीट सुमारे ३० किलोला तडकते. म्हणून जिथे ताण येणार तिथे सळई, हा आरसीसीचा पाया आहे. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. तो मध्यभागी खाली वाकू पाहतो, म्हणून त्याची खालची बाजू ताणली जाते आणि सळई खाली लागते. बाल्कनीला आधार एकाच बाजूला, तुळईपाशी असतो. तिची मोकळी कडा खाली जाऊ पाहते, म्हणून वरची बाजू ताणली जाते आणि खालची चेपली जाते. शेंगांनी लगडलेली शेवग्याची फांदी मोडते तेव्हा ती खोडाजवळच आणि वरच्या अंगाने फाटते. बाल्कनीचेही तसेच आहे. ताण सर्वांत जास्त असतो तो तुळईच्या तोंडाशी, घराच्या दारात, अगदी आपल्या उंबऱ्याखाली. कठड्याजवळ तो जवळजवळ शून्य असतो.

हा ताण किती असतो, हे एका साध्या बाल्कनीवरून पाहू. ती तुळईपासून १.२ मीटर, म्हणजे चार फूट बाहेर आहे, स्लॅब १५० मिलिमीटर जाड आहे आणि कडेला विटांचा अर्ध्या पुरुष उंचीचा कठडा आहे. हिशेबासाठी तिची एक मीटर रुंदीची पट्टी घेऊ. पट्टीचे स्वतःचे वजन सुमारे ४५० किलो. लादी आणि तिच्याखालचा माल १२० किलो. माणसे आणि सामान यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ निवासी बाल्कनीवर चौरस मीटरला किमान ३०० किलो धरायला सांगते, त्याचे झाले ३६० किलो. हे सगळे वजन पट्टीभर पसरलेले असल्यामुळे त्याचा मध्य तुळईपासून ६० सेंटिमीटरवर येतो. कठड्याचे २५० किलो मात्र अगदी टोकाला, १.१५ मीटरवर आहेत.

बाल्कनी वाकवणारे बळ म्हणजे वजन गुणिले तुळईपासूनचे अंतर. पसरलेल्या ९३० किलोंचे ५५८ किलोग्रॅम-मीटर होतात, एकट्या कठड्याचे २८७ होतात आणि बेरीज येते सुमारे ८४५. कठड्याचे वजन एकूण वजनाच्या पावपटीहूनही कमी आहे, पण वाकवण्यात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. बाल्कनीच्या टोकाशी फुलझाडांचा सिमेंटचा कुंडा बांधणे, जाळीचा कठडा काढून विटांची भिंत उभारणे किंवा पाण्याची टाकी ठेवणे धोक्याचे का ठरते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

आता या बळाला तोंड कोण देते? वरच्या सळ्या स्लॅबला मागे खेचून धरतात आणि खालचे काँक्रीट दाबून रेटते. ही जोडी मिळून बाल्कनी आडवी ठेवते. या दोघांमधले उभे अंतर जितके जास्त, तितके काम हलके. आपल्या १५० मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये सळई वरून दोन सेंटिमीटर आत योग्य जागी असेल, तर हे अंतर सुमारे ११ सेंटिमीटर मिळते. ८४५ ला त्याने भागले की दर मीटर रुंदीत सळ्यांवर येणारा ताण निघतो, सुमारे साडेसात टन. दर २० सेंटिमीटरवर १० मिलिमीटरची एक, अशा मीटरला पाच सळ्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला दीड टन येतो. फे ५०० प्रतीच्या सळईला हा ताण जड नाही. असा स्लॅब नेहमीच्या भाराच्या दुपटीहून अधिक बळ सोसू शकतो. नकाशावर सगळे नीट आहे.

खरी गडबड होते ती स्लॅब भरायच्या दिवशी. घमेली घेऊन माणसे जाळीवरून ये-जा करतात, पंपाचा जड पाइप ओढला जातो, व्हायब्रेटर फिरतो. दहा मिलिमीटरची सळई माणसाच्या पायाखाली सहज लवते. चेअर अपुऱ्या असतील किंवा त्यांच्याऐवजी विटांचे तुकडे लावलेले असतील, तर जाळी हळूहळू खाली बसते आणि तिच्यावर काँक्रीट पडते. वरून रंधा मारल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. आत काय झाले हे पुन्हा कुणाला दिसत नाही.

समजा, सळई पाच सेंटिमीटर खाली गेली. सळ्या तितक्याच आहेत आणि बिलातले वजनही तेच आहे. पण सळई आणि खालचे दाबलेले काँक्रीट यांच्यातले अंतर कमी झाल्यामुळे बाल्कनीची ताकद सुमारे ५७ टक्क्यांवर येते. ताठपणा तर अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने घटतो. तडा गेल्यानंतर ही बाल्कनी सळई जागेवर असलेल्या बाल्कनीपेक्षा जवळजवळ तिप्पट लवेल. आणि जाळी पार खाली बसली, किंवा बांधणाऱ्याने खोलीसारखीच खाली बांधली, तर उरलेली ताकद जेमतेम २६० किलोग्रॅम-मीटर असते. लादी, कठडा, माणसे काहीही नसताना नुसत्या स्लॅबचे वजनच २७० चे बळ लावते. म्हणजे सळईच्या भरवशावर ही बाल्कनी स्वतःलाही तोलू शकत नाही.

मग टेकू काढल्याबरोबर ती पडत का नाही? काँक्रीटची ताण सोसण्याची ती थोडीशी शक्ती काही काळ तिला धरून ठेवते. टेकू काढल्यावर नुसत्या स्लॅबमुळे वरच्या पृष्ठभागावर येणारा ताण चौरस सेंटिमीटरला सात किलोच्या आसपास असतो. लादी, कठडा आणि पूर्ण माणसे धरली तरी तो बावीस-तेवीसच्या घरात जातो. काँक्रीट तडकते सुमारे तीसला. म्हणून सळई चुकीच्या जागी असलेली बाल्कनी निमूट उभी राहते, घरात माणसे राहायला येतात आणि वर्षे जातात. पण काँक्रीट सुकताना आकसते. उन्हाने दिवसा प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते. बाल्कनीचा भाग दुसऱ्या दिवशी भरला असेल, तर तुळईपाशी जोड राहतो आणि तिथली ताण सोसण्याची शक्ती मुळातच कमी असते. या सगळ्यांतून एक दिवस उंबऱ्यापाशी तडा जातो. सळई वर असती तर त्या क्षणी तिने ताण आपल्यावर घेतला असता. ती नसल्यामुळे तडा थेट खालपर्यंत उतरतो आणि बाल्कनी एकदम जाते. मिरवणूक पाहायला जमलेली गर्दी केवळ निमित्त असते.

म्हणूनच आयएस ४५६ हे आपले आरसीसीचे मानक स्लॅबच्या ताकदीचा हिशेब करताना काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती शून्य धरायला सांगते. नीट बांधलेली बाल्कनी जास्त भाराने आधी बारीक तडे दाखवते, मग लवते, सळई ताणत जाते, आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. चुकीची बाल्कनी असा इशारा देत नाही.

सळई वर असणे जसे गरजेचे, तसे ती मागे घरात पुरेशी जाणेही गरजेचे. साडेसात टनांनी ओढली जाणारी सळई तुळईतच थांबली, तर ती काँक्रीटमधून सुटून येऊ शकते. एम २० काँक्रीट आणि फे ५०० सळई असेल तर तिला पूर्ण पकड मिळण्यासाठी जाडीच्या सुमारे ५७ पट लांबी काँक्रीटच्या आत हवी. दहा मिलिमीटरच्या सळईला ती ५७ सेंटिमीटर होते. प्रत्यक्षात ती याहूनही बरीच मागे, बाल्कनीच्या लांबीच्या साधारण दीडपट, खोलीच्या स्लॅबच्या वरच्या अंगातून नेण्याची पद्धत आहे. बाल्कनीला तोलून धरायला मागे तेवढा स्लॅब लागतोच. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बाल्कनी खोलीपेक्षा थोडी खाली घेतात. त्या पायरीपाशी सळई वाकवत नेली, तर ताणाखाली ती सरळ होऊ पाहते आणि कोपऱ्यातले काँक्रीट फोडून बाहेर येते. तिथे सळईची मांडणी अभियंत्याने वेगळी काढून द्यायला हवी. बाल्कनीच्या मागे न्हाणीघराचा खोल घेतलेला स्लॅब असला तर हा प्रश्न आणखी अवघड होतो.

खिडकीवरचा छज्जा ही याच कुळातली गोष्ट. त्याच्या मागे स्लॅब नसतो. लिंटेलवरच्या भिंतीचे वजन त्याला तोलून धरते. ती भिंत चढण्याआधीच टेकू काढले, तर सळई अगदी योग्य जागी असूनही छज्जा लिंटेलसकट उलटतो.

कोसळणे ही टोकाची गोष्ट. त्याहून कितीतरी जास्त बाल्कन्या नुसत्या लवतात. घरमालक म्हणतो, फूटभर बाहेर घ्या, आणि १.२ मीटरची बाल्कनी १.५ मीटरची होते. लांबी पावपटीने वाढली, पण पसरलेल्या वजनाचे वाकवणारे बळ दीडपटीहून जास्त वाढले आणि त्याने येणारी लव सुमारे २.४ पट झाली. कारण लव लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. शिवाय काँक्रीट सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू सरकत राहते. टेकू काढल्यावर दिसलेली लव काही वर्षांत दुप्पट-तिप्पट होऊ शकते. काँक्रीट पुरते पक्के होण्याआधी टेकू काढले तर ती आणखी वाढते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने कॉफमन कुटुंबासाठी बेअर रन या ओढ्यावर ‘फॉलिंगवॉटर’ हे घर बांधले. १९३६ मध्ये त्याच्या काँक्रीटच्या गच्च्या उभ्या राहत होत्या. मुख्य गच्ची धबधब्यावर सुमारे साडेचार मीटर अधांतरी पुढे येते. कॉफमन यांनी नेमलेल्या अभियंत्यांना तिच्या तुळयांत सळई कमी वाटली आणि त्यांनी राइट यांना न सांगता ती जवळजवळ दुप्पट केली. राइट संतापले. तरीही टेकू काढताच गच्ची सुमारे साडेचार सेंटिमीटर लवली. पुढच्या साठ वर्षांत तिची कडा सुमारे अठरा सेंटिमीटर खाली आली आणि कठड्यांना तडे गेले. १९९७ मध्ये खालून तात्पुरते पोलादी टेकू द्यावे लागले. रॉबर्ट सिल्मन या अभियंत्याच्या कार्यालयाने तपासणी केली, तेव्हा तुळयांची ताकद अपुरी असल्याचे दिसले. २००२ मध्ये तुळयांच्या बाजूने मजबूत पोलादी दोर घालून ते ताणून बांधले गेले. लव थांबली, पण गच्ची मूळ पातळीवर आणली नाही. अभियंत्यांनी ती जास्तीची सळई घातली नसती, तर घर इतकी वर्षे टिकले असते का, हा प्रश्न राहतो.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, तिसरे कारण सर्वांत जास्त छळते. ते म्हणजे गंज. बाल्कनीची महत्त्वाची सळई वरच्या अंगाला असते आणि पावसाचे, कुंड्यांचे, धुण्याचे पाणी थेट तिच्या डोक्यावर साचते. ताण सर्वांत जास्त जिथे, तिथेच, म्हणजे उंबऱ्यापाशी, बारीक तडे असतात. लादीच्या सांध्यांतून पाणी तिथवर उतरते. खाऱ्या हवेतले क्षार त्याला साथ देतात. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या कित्येक पट फुगते आणि काँक्रीट फोडते. दहा मिलिमीटरची सळई गंजून आठ मिलिमीटर उरली, तर तिची ताकद सुमारे ३६ टक्क्यांनी गेली. आणि हे सगळे लादीखाली चाललेले असल्यामुळे दिसत नाही. खालच्या फ्लॅटमधून वर पाहिल्यावर गळालेले प्लास्टर आणि लाल झालेल्या सळ्या दिसतात, त्या बहुधा खालच्या दुय्यम सळ्या असतात. त्यांना ब्रश मारून, नवे प्लास्टर करून, रंग देऊन सोसायटी निश्चिंत होते. बाल्कनी तोलणारी सळई मात्र वर तशीच गंजत राहते.

घरात राहणाऱ्याला काही खुणा ओळखता येतात. बाल्कनीच्या दाराशी, भिंतीला समांतर, लादीत सरळ रेषेत तडा गेलेला आहे का पाहा. भिंत आणि लादी यांच्यामधल्या पट्टीत फट पडते आहे का, पाणी पूर्वी नळीकडे जायचे ते आता कडेकडे धावते आहे का, बाजूच्या भिंतीला जोडलेल्या कठड्याच्या सांध्यात वर रुंद आणि खाली अरुंद अशी फट दिसते आहे का, हेही पाहा. या खुणा वर्षानुवर्षे तशाच असतील तर एक गोष्ट. त्या वाढत असतील तर बाल्कनी रिकामी करून अभियंत्याला बोलवायला हवे. कव्हर मीटर नावाचे उपकरण फोडाफोड न करता सळई वरून किती खोल आहे हे दाखवते. शंका असेल तर उंबऱ्यापाशी लादी काढून एका-दोन जागी सळई उघडी करून पाहणे हाच खरा उपाय. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. त्या वेळी बाल्कनीची तपासणी वरूनही करा, असा आग्रह सभासदांनी धरावा.

दुरुस्तीत एक चूक हमखास होते. लवलेल्या बाल्कनीच्या कडेला खालून खांब लावला जातो. खांब लागला की ती बाल्कनी अधांतरी राहत नाही. दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबसारखी ती मध्यभागी खाली वाकू लागते आणि ताण खालच्या बाजूला येतो. तिथे पुरेशी सळई नसेल तर नवे तडे खालून जातात. शिवाय तो खांब खालच्या मजल्याच्या बाल्कनीवर टेकला, तर वरचे ओझे तिच्या टोकावर जाते. तातडीचा टेकू देणे भाग असेल तर तो अभियंत्याच्या देखरेखीखाली, प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत न्यावा लागतो. कायमचा उपाय हिशेबानेच ठरतो: कडेचे वजन कमी करणे, खालून पोलादी ब्रॅकेट बसवणे, वरचा थर काढून नवी सळई मागे खोलवर रुजवणे, किंवा बाल्कनी उतरवून पुन्हा भरणे.

नवे घर बांधत असाल तर यातले बहुतेक सगळे तुमच्या हातात आहे, फक्त वेळ थोडा असतो. स्लॅब भरायच्या सकाळी टेप घेऊन जा. बाल्कनीची मुख्य सळई वर आहे का आणि फळीपासून किती उंच आहे हे मोजा. ती मागे किती गेली आहे ते पाहा. चेअर हाताने दाबून ढिल्या आहेत का बघा. काँक्रीट चालू असताना जाळीवर पाय पडू नयेत म्हणून फळ्यांची पायवाट करून घ्या आणि एक माणूस केवळ ती जाळी वर राहील हे पाहायला उभा करा. टेकू अभियंत्याने सांगितल्याशिवाय काढू देऊ नका. काढताना आधी कडेचे, मग तुळईजवळचे, या क्रमाने काढायला सांगा. बाल्कनीची सळई वर ठेवण्यासाठी जास्त लोखंड लागत नाही की जास्त सिमेंट लागत नाही. त्या एका दिवशी लक्ष द्यावे लागते, आणि ते दिले नाही तर पुढे कुठल्याही प्लास्टरने ते भरून निघत नाही.